कापसाच्या ढिगातलं खरेदीखत

घरची बाई घरी नसताना तिच्या कापसाच्या ढिगाला हात लावायचा नसतो, एवढी साधी गोष्ट खुशालरावाला चाळिशी उलटली तरी कळली नव्हती. मनकर्णाबाईची तक्रार ही होती आणि ती तिनं सगळ्या गावाला ऐकवली होती. दिराच्या इतर गोष्टी तिनं सोडून दिल्या असत्या. तो भावाच्या तेराव्यालाच भावाच्या जागी लोडाला टेकून बसला, ते तिनं पाहिलं आणि गिळलं. ऊन नसताना छत्री उघडून तो गावातून फिरायचा, तेही तिनं पाहिलं. पण ढीग म्हणजे ढीग.

त्या घरात ढिगाची एक रीत होती. वेचणीचा कापूस खोलीत आढ्यापर्यंत रचला, की घरातली वडील बाई त्याच्यावर दहीभात शिंपडायची, हळदकुंकू वाहायची, आणि मग विक्रीचा दिवस येईपर्यंत त्याला कोणी बोट लावायचं नाही. विक्रीच्या दिवशी पहिली पाटी तिनंच काढायची. मनकर्णाबाईच्या सासूनं हे केलं, सासूच्या सासूनं केलं. ही रीत इतकी पक्की होती, की त्या घराच्या बायका ढिगाला तिजोरीच समजत. कपाशीला सोन्याचा भाव आल्यापासून गावोगाव दरोडे पडत होते. चोर पेट्या फोडायचे, धान्याची बळदं उकरायचे, चुलीमागची भिंत खणायचे. आढ्याला टेकलेला कापूस उपसत बसायला कोणत्या चोराला सवड असते? तेव्हा नथ, पुतळ्या, जे काय असेल ते हात खांद्यापर्यंत ढिगात खुपसून आत ठेवायचं, आणि पहिली पाटी काढताना परत घ्यायचं.

मनकर्णाबाईनं त्या वर्षी तिथं ठेवलं होतं बांबूचं एक नळकांडं. दोन्ही तोंडांना मेण, आणि आत बाभळीच्या वावराचं खरेदीखत.

माघात तिची लेक गोदा दर्यापूरला बाळंत झाली. तिसरी खेप, म्हणून सासरीच. मनकर्णाबाई तिकडे गेली, आणि सव्वा महिना राहून बार्शीटाकळीच्या वाटेवरच्या आपल्या गावी परत आली, तर कापसाची खोली झाडलेली. कोपऱ्यात कोंबडी अंड्यावर बसलेली.

"भाव चढला होता, वयनी," खुशालराव म्हणाला. "सातासमुद्रापारची लढाई संपल्यापासून भावाचा काई नेम नाई. आज हाय, उद्या नाई. मी सगळ्या गाड्या भरल्या आन नेल्या अमरावतीले. पैसे तुमच्या पेटीत ठेवले, मोजून घ्या."

"आन ढिगात काई भेटलं का?"

"ढिगात काय भेटीन? कापूस भेटला."

मनकर्णाबाई आत जाऊन पाणी प्यायली. दोष कुणाचा म्हटलं तर रीत मोडणाऱ्याचा, आणि कुणाचा म्हटलं तर रितीवर विसंबणारीचा. दुसरी गोष्ट तिला मान्य नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं जुना गडी सहदेव याला गाडी जुंपायला सांगितली आणि अमरावती गाठली. कापसाच्या बाजारात गाड्यांच्या रांगा गावाबाहेरपर्यंत लागल्या होत्या. ज्या अडत्याकडे माल गेला होता, त्याच्या वखारीच्या आवारात कापूस डोंगरासारखा पडला होता, आणि पलीकडे रेच्यांवर बायका सरकी काढत बसल्या होत्या.

"बाई, तुमचा माल कधीच दुसऱ्या मालात मिसळला," अडत्याचा मुनीम म्हणाला. "अर्धा रेचला, अर्धा दाबून मुंबईला गेला. बांबूचं म्हणता? बांबू इथं चुलीत जातात."

तिनं रेच्यांवरच्या बायकांना एकेकीला विचारलं. एक म्हणाली, असं काही दिसलं नाही. दुसरी म्हणाली, दिसलं असतं तर मी तेल ठेवायला नेलं असतं, खोटं कशाला बोलू. परतीच्या वाटेवर सहदेव दर नाल्यापाशी गाडी थांबवून खाली वाकून पाहात होता.

"काय पाहून राहिला रे?"

"गाडीतून पडलं असन इथंसा कुठं."

"महिना झाला. आता मुंग्याईनं वाचलं असन ते. हाक गाडी."

नळकांडं कुणालाच कधी सापडलं नाही.

त्या कागदात काय होतं, ते सांगायला हवं. बाभळीचं वावर मनकर्णाबाईनं नवरा नत्थुजी जिवंत असताना घेतलं होतं. जानराव नावाच्या शेजाऱ्याकडून, आपल्या माहेरच्या अंगावरच्या सोन्यावर. सोनं मोडून जमीन घ्यायची कल्पना तिची आणि कागदावर तिचं नाव घालायची अक्कल नत्थुजीची. "मले पोरगा नाई," तो म्हणाला होता. "माह्यामांगं सगळं खुशालकडे जाईन. हे एक तुह्यं राहू दे. तुह्यामांगं गोदाचं." तहसिलीत दस्त नोंदवायची पद्धत तेव्हा नुकती आली होती. नत्थुजीनं तिला अकोल्याला नेऊन खत नोंदवलंही होतं. पण पुढं जमिनीची मोजणी करणारे आले, त्यांनी बाईमाणसाला कुठं विचारायचं म्हणून सगळ्या वावरांवर घरच्या पुरुषाचं नाव टाकलं. नत्थुजी म्हणाला, राहू दे, खत आहे ना. गेल्या चैत्रात तो गेला. जानराव त्याच्याआधीच पटकीत गेला होता. खतावरचा एक साक्षीदार वारला, दुसरा काशीला गेला तो परत आला नाही.

आता खुशालरावानं अर्ज दिला होता, की भाऊ निपुत्रिक वारला, एकत्र घर, तेव्हा भावाच्या नावावरच्या सगळ्या जमिनी माझ्या नावावर कराव्या. सगळ्या म्हणजे बाभळीचं वावरही. तहसीलदारानं मनकर्णाबाईला निरोप धाडला: तुमचं काही म्हणणं असल्यास अस्सल खत घेऊन यावं.

चावडीवर खुशालराव म्हणू लागला होता, "खत हाय म्हनते, त दाखवा न बाप्पा. मी कुठं नाई म्हनून राहिलो?"

म्हणजे कागद नाही तर वावर नाही, आणि वावर नाही तर गोदाला मागं काही नाही. गोदाचा नवरा भला होता, पण पाच भावांत धाकटा होता. तिच्या वाट्याला येणार होतं ते आईचं हे वावरच.

अकोल्याला कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली वामनराव नावाचा अर्जनवीस बसायचा. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्याचा धंदा. पान खाऊन खाऊन त्याचे दात विटकरी झाले होते, आणि आपल्याला इंग्रज साहेब नावानं ओळखतो असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. मनकर्णाबाईनं त्याच्यासमोर बसून हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "लिहा. दिरानं खत चोरलं."

वामनरावानं बोरू शाईत बुडवला नाही. "चोरलं? तुम्ही पाहिलंत?"

"पाहाले कायले लागते? ढीग त्यानं उपसला, खत ढिगात होतं."

"त्याला माहीत होतं?"

ढिगात खत ठेवल्याचं मनकर्णाबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा असता तर म्हणाला असता, कागद ठेवायची ही कोणती जागा.

"बाई, तुम्ही ठाण्यात चोरी लिहून दिलीत, की पोलीस त्याच्या घराची झडती घेणार. म्हणजे तुमच्याच घराची. काही निघणार नाही. मग तो म्हणणार, खोटा आळ घेतला, आणि तुम्हाला पिंजऱ्यात उभं करणार. बरं, चोरीचं नाव आलं की तो काय म्हणेल? मी ढिगाला हातच लावला नाही म्हणेल. मग तुम्ही काय सिद्ध करणार?"

"मंग काय लिहू? मी येडी हाय म्हून लिहू?"

"गहाळ झालं असं लिहायचं. जसं झालं तसं. कुठं ठेवलं होतं, शेवटचं कधी पाहिलं, कसं गेलं, कुठं कुठं शोधलं."

"कापसात ठेवलं होतं, हे लिहायचं?"

"तेच तर मुख्य आहे."

हे ठाण्यात लिहिलं जाणार, मग गावात वाचलं जाणार. ज्या बाईनं तीस वर्षं सगळ्या गावाला शहाणपण शिकवलं, तिनं जमिनीचा कागद कापसात खुपसला, हे चार लोक हसत हसत एकमेकांना सांगणार. तिला वाटलं, उठावं आणि घरी जावं. पण घरी जाऊन करायचं काय, हे तिला सुचलं नाही.

"लिहा," ती म्हणाली. "पन हसू नोका."

"मी पान खातोय, बाई."

गाव ज्या ठाण्याच्या हद्दीत, त्याच ठाण्यात वर्दी द्यावी लागते, म्हणून सहदेवनं गाडी तिकडे वळवली. जमादार लखनौकडचा होता आणि त्याला वऱ्हाडातला उन्हाळा मानवत नव्हता.

"कापूस में?" त्यानं विचारलं. "सच में?"

"हो, कापूस में," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमच्या घरी कुठं ठेवतात?"

"लोहे के संदूक में."

"आन मागच्या महिन्यात टाकळीच्या सावकाराचं लोखंडी संदूक कोनं नेलं, ते सापडलं का तुमाले?"

जमादारानं रोजनाम्यात नोंद करायला घेतली. खत कोणी लिहून दिलं, कोणाला, कोणत्या गावच्या कोणत्या वावराचं, चारी दिशांना काय काय, कधी नोंदवलं, केव्हापासून दिसत नाही. कोणावर संशय आहे का, असा रकाना आला. त्यानं वर पाहिलं.

मनकर्णाबाईच्या जिभेवर नाव आलं होतं. ते तिथंच थांबलं.

"नाई," ती म्हणाली. "गहाळ."

तिनं खाली निशाणी केली. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्यानं नांगर काढायचा आणि बाईनं बांगडी, अशी पद्धत होती. तिच्या हातात बांगडी उरली नव्हती, तरी निशाणी बांगडीचीच. वर्दीची नक्कल घेतल्याशिवाय ती ठाण्यातून हलली नाही, कारण वामनरावानं तसं बजावलं होतं.

नक्कल पाहून वामनराव खूश झाला. आता जाहीरनामा, तो म्हणाला.

"तो कायले? कागद हरवला हे सरकारले सांगितलं, पुरे नाई का?"

"सरकार सोडून बाकी दुनिया आहे ना. उद्या तुमचा दीर म्हणेल, हरवलं नाही, बाईनं ते दर्यापूरच्या सावकाराकडे गहाण टाकलंय. मग? अस्सल खत हातात असलेला कोणी असेल, त्यावर कोणी पैसे दिले असतील, वावर विकत घेतलं असेल, तर त्यानं मुदतीत येऊन सांगावं, असं सगळीकडे जाहीर करायचं. कोणी आलं तर कळेल. कोणी आलं नाही, तर तेही कळेल."

तहसिलीच्या हुकमानं जाहीरनामा निघाला. एक प्रत कचेरीच्या भिंतीला, एक गावच्या चावडीला, एक अमरावतीच्या कापूसबाजारात. महिनाभराची मुदत. अकोल्यात तेव्हा नुकतंच एक छापील पत्र निघू लागलं होतं, त्यातही वामनरावानं चार ओळी घालायला लावल्या.

"ते कोन वाचते?"

"कापूसवाले. भावासाठी. तुमचं खत सापडलं असेल तर कापूसवाल्यालाच."

मनकर्णाबाईनं चार ओळींचे पैसे घासाघीस न करता मोजले. असं फार क्वचित होई.

गावात दवंडी पिटली ती बाजाराच्या दिवशी. दवंडीवाला प्रत्येक चौकात थांबून, आवाज चढवून सांगत होता, की मनकर्णाबाई, नत्थुजीची विधवा, हिचं बाभळीच्या वावराचं खरेदीखत कापसाच्या ढिगात ठेवलं असता, तो कापूस विकला जाऊन गहाळ झालं आहे, हो! सदर खतावर कोणी व्यवहार करू नये, हो! मनकर्णाबाई ओट्यावर बसून तूर निवडत होती. दवंडीवाला तिच्या दारासमोर आला तसा त्यानं आवाज कमी केला.

"का रे?" ती म्हणाली. "इथं काहून दबून राहिला? पैसे पूर्ण गावाचे घेतले ना? वरडून सांग."

त्यानं वरडून सांगितलं. पलीकडच्या ओट्यावर खुशालराव इतका हसला, की त्याला ठसका लागला. संध्याकाळपर्यंत चावडीवर तो सगळ्यांना सांगत होता, की वयनीनं कागद ढिगात ठेवला, आणि मी तो अमरावतीले विकून आलो, मले का माहीत! पुढचे कित्येक दिवस त्याला याच्याहून चांगली गोष्ट मिळाली नाही. जो भेटेल त्याला तो ती सांगायचा, आणि प्रत्येक वेळी ढीग थोडा उंच व्हायचा.

मुदत चालू असतानाच वामनरावानं नकलेचा अर्ज दिला. नोंदणीच्या कचेरीत दस्त आला की तो मोठ्या बुकात शब्दाला शब्द उतरवून घेतात आणि अस्सल मालकाला परत देतात, हे मनकर्णाबाईला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, त्या दिवशी कारकुनानं कागदावर नुसता शिक्का मारला.

"म्हंजे माहं खत इतके दिवस इथंच होतं?"

"खत नाही. खताचं लिहिणं." वामनराव म्हणाला. "अस्सल ते अस्सल. पण ते नाही असं दिसलं, की हेच त्याच्या जागी उभं राहतं."

कारकुनानं आधी तिच्या नावानं सूची चाळली. सापडेना. "नाही अशी बाई," तो म्हणाला. मनकर्णाबाईनं त्याला सांगितलं, की बाई तुमच्यासमोर उभी आहे, डोळे पुसा. मग त्यानं लिहून देणाऱ्या जानरावाच्या नावानं पाहिलं, आणि तिथं निघालं. बुकात नाव होतं, 'मनकर्णा, जौजे नत्थुजी', म्हणजे नत्थुजीची बायको, आणि सूचीत चढवताना कोणीतरी तिला नवऱ्याच्या नावाखाली घातलं होतं. कारकुनानं नक्कल उतरवली, दुसऱ्यानं ती बुकाशी ताडून पाहिली, आणि खाली 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल' असं लिहून सही-शिक्का झाला. वामनरावानं ती तिला वाचून दाखवली. पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडीवाट, बाईनं आपले माहेरचे दागिने मोडून दिलेल्या रकमेत, कोणाचाही संबंध नाही. तिनं ती दोनदा वाचायला लावली.

मुदत संपली. कोणी सावकार आला नाही, कोणी खरीददार आला नाही. पण खुशालरावाची हरकत आली. वामनराव म्हणाला होता अगदी तेच त्यात होतं: खत हरवलेलं नाही, बाईनं ते परगावी गहाण ठेवलं आहे, आणि वावर एकत्र घराच्या मालकीचं आहे.

सुनावणीच्या दिवशी खुशालराव नवं मुंडासं आणि छत्री घेऊन आला. तहसीलदारासमोर त्यानं छत्री उघडली नाही, पण मिटूनही ठेवली नाही, अर्धवट धरून उभा राहिला.

तहसीलदार थोडं बोलणारा माणूस होता. दिवाणी कामंही त्यालाच पाहावी लागत, आणि त्या दिवशी त्याच्या टेबलावर कागदांचा ढीग होता. त्यानं आधी नक्कल वाचली.

"नक्कल ठीक आहे," तो मनकर्णाबाईला म्हणाला. "वावर तुमच्या नावानं आणि तुमच्या पैशानं घेतलं, असं ह्यात स्पष्ट आहे. पण नकलेवर मी हुकूम द्यायचा, तर अस्सल खरंच गेलं आहे, हे मला दिसलं पाहिजे. वर्दीत तुम्ही सांगितलंत, ते तुमचं म्हणणं झालं. खत ढिगात होतं, ढीग गेला. ढीग तुमच्या मागं गेला याला दाखला काय?"

मनकर्णाबाईकडे दाखला नव्हता. सहदेव तिचा गडी, त्याचं म्हणणं कोण धरणार? चावडीवर खुशालरावाची गोष्ट ऐकून हसलेल्यांपैकी कोणी कचेरीपर्यंत आलं नव्हतं. तिनं वामनरावाकडे पाहिलं. वामनराव छताकडे पाहात होता.

तहसीलदार खुशालरावाकडे वळला. "तुमचं म्हणणं, खत गहाण आहे. कोणाकडे?"

"दर्यापूरले कोन्या सावकाराकडे असन, साहेब."

"नाव?"

"नाव कसं माहीत राहीन मले?"

"जाहीरनामा महिनाभर होता. कापूसबाजारात होता, छापून आला होता. हातात खत असलेला सावकार गप्प बसेल?"

खुशालरावानं छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरं. खत ढिगात होतं, ढीग बाई घरी नसताना विकला गेला, असं बाई म्हणतात. तुम्ही म्हणता असं काही झालंच नाही. म्हणजे तो ढीग बाईंनी स्वतःच विकला असणार."

"वयनीनं?" खुशालराव उसळून म्हणाला. कापसाचा सौदा बाईनं केला, असं कोणी म्हणावं, आणि तेही भर कचेरीत! "साहेब, घरचा कर्ता मी हाय. तिची लेक बाळंत होती, ती दर्यापूरले बसली होती. म्या एकट्यानं ढीग उपसला, तिनं पाहिलासुदिक नाई. येका दिवसात गाड्या भरल्या आन अमरावतीले वाढत्या भावात इकून आलो. पूर्ण गाव साक्षीले हाय! तिले इचारलं असतं त अजून दहीभात शिंपडत बसली असती!"

"बाईंना विचारलं नव्हतं?"

"कायले इचारायचं?"

"ढिगात काय आहे, ते पाहिलं होतं?"

"ढिगात पाहात बसतात काय, साहेब? फावड्यानं भरला."

तहसीलदारानं कारकुनाकडे पाहिलं. कारकून लिहीत होता. लिहून झालं, तसं त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: ढीग मी भावजयीच्या गैरहजेरीत, तिला न विचारता, आत काही आहे की नाही हे न पाहता, फावड्यानं गाड्यांत भरून विकला. वाचून झाल्यावर विचारलं, बरोबर आहे का. खुशालराव म्हणाला, बरोबर आहे. मग निशाणीसाठी कागद पुढं आला, तेव्हा त्याचा हात थोडा थांबला. आपण काहीतरी हरलो, हे त्याला कळलं. काय ते कळलं नाही. त्यानं नांगर काढला.

हुकूम लहानसा होता. अस्सल गहाळ झाल्याचं दिसतं, जाहीरनाम्यास कोणी आलं नाही, नोंदणीची नक्कल अस्सलाच्या जागी धरावी. बाभळीचं वावर मनकर्णाबाईच्या नावे दाखल करावं, बाकीची वावरं खुशालरावाच्या नावे. पुढं अस्सल खत सापडल्यास कचेरीत हजर करावं. आणि नक्कल, वर्दीची प्रत व हा हुकूम बाईंनी एकत्र ठेवावा.

"कापसात नको," तहसीलदार म्हणाला. त्या दिवसातला त्याचा एवढाच विनोद.

बाहेर कडुनिंबाखाली वामनराव आपला हक्क मागायला थांबला होता. मनकर्णाबाईनं त्याला जे ठरलं ते दिलं, आणि वर काही दिलं नाही.

"मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही," तो म्हणाला, "चोरी लिहू नका म्हणून? चोरी लिहिली असती, तर आज हा ढिगाचं नाव घेतानासुद्धा घाबरला असता."

"सांगितलं होतं. त्याचेच पैसे देल्ले."

सहदेव बैल पाण्यावर नेऊन आला. खुशालरावाची गाडी त्याच्या मोठ्या पोरानं सकाळीच परत नेली होती, तेव्हा त्याला भावजयीच्याच गाडीतून गावी जायचं होतं. तो गाडीपाशी येऊन उभा राहिला, पण चढला नाही. छत्री आता पूर्ण मिटलेली होती.

"वयनी, येक इचारू?"

"इचारा."

"थान्यात माहं नाव काहून नाई घातलं तुमी? सगळं गाव म्हने, घालसान म्हून. मी त पोराले सांगून ठेवलं होतं, शिपाई आले त काय म्हनायचं ते."

मनकर्णाबाई गाडीत बसली होती. तिनं कागद कमरेच्या पिशवीत घातले, पिशवीची नाडी आवळली, आणि मग त्याच्याकडे पाहिलं. सून होऊन ती त्या घरात आली, तेव्हा हा दीर लंगोटीवर फिरत होता, आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खायचा. तेव्हाही त्याला कुणी मारलं, की तो खरोखर चकित व्हायचा.

"भाऊजी," ती म्हणाली, "चोरी कराले आपलं काय आन दुसऱ्याचं काय, हे ओयखाव लागते. तुमाले तेवढंच ओयखता येत नाई, त तुमाले चोर कसं म्हनू? पन आजपासून घराची चूल येगळी. सनावाराले या, पाटावर बसा, पोटभर जेवा, मी वाढीन. माह्या कापसाच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला, त मातर त्या दिवशी जमादाराले सांगाले माह्याजवळ चोरीच राहीन. बसा आता गाडीत, ऊन होऊन राहिलं. आन ते छत्री उघडा, उन्हाची तरी उघडा."